स्मार्ट प्लग, बल्ब, कॅमेरे राउटरवरून सारखे सुटतात? पुण्यातल्या फ्लॅटवाल्यांचे नेहमीचे प्रश्न

गिझरचा स्मार्ट प्लग दिवसातून चारदा ‘ऑफलाइन’ होतो. मोबाइलवर मात्र नेट सुसाट चालतं. म्हणजे प्लगच खराब ना?

बहुतेक वेळा नाही. तुमचा मोबाइल घरात सहसा ५ गिगाहर्ट्झवर असतो. स्वस्तातले प्लग, बल्ब, स्विच मॉड्यूल आणि बरेचसे कॅमेरे फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतात, कारण त्यांच्यातल्या चिपला दुसरा बँड येतच नाही. त्यामुळे मोबाइलवर सिनेमा न अडखळता चालला, तरी त्यावरून प्लगच्या बँडची हालत काही कळत नाही.

प्लग सुटण्याची दोन मोठी कारणं असतात. एक तर राउटरचा आवाज प्लगपर्यंत (किंवा प्लगचा राउटरपर्यंत) नीट पोचत नाही. नाहीतर आवाज छान पोचतो, पण बँडच्या त्या पट्ट्यात, म्हणजे त्या चॅनलवर, शेजारपाजारचे इतके राउटर बोलत असतात की प्लगला बोलायला जागा मिळत नाही. पहिलं दुखणं कमजोर सिग्नलचं, दुसरं गर्दीचं. ॲपमध्ये दोन्ही सारखीच दिसतात, औषधं मात्र वेगळी आहेत. लोक दोन्हीवर सिग्नल पुढे पोचवणारा रिपीटर आणतात, आणि गर्दीच्या घरात रिपीटर लावला की गर्दीत आणखी एकाची भर पडते.

आधी एवढं तर कळू दे, की वाय-फाय गेलंय की बाहेरचं इंटरनेटच गेलंय?

ॲपमधला ‘ऑफलाइन’ शब्द कंपनीच्या सर्व्हरच्या नजरेतून असतो. सर्व्हरला प्लग दिसला नाही, की ॲप ऑफलाइन म्हणतं. दोष तुमच्या वाय-फायचा, फायबरचा किंवा त्या सर्व्हरचाही असू शकतो.

त्यासाठी राउटरचं पान उघडा (पत्ता बहुधा 192.168.1.1 किंवा 192.168.0.1 असतो), जोडलेल्या उपकरणांच्या यादीतून प्लगचा आयपी पत्ता शोधा आणि तो त्या प्लगसाठी कायम राखून ठेवा, म्हणजे पुढच्या वेळी पुन्हा शोधावा लागणार नाही. ॲप ऑफलाइन म्हणत असतानाच घरच्या वाय-फायवरच्या विंडोज लॅपटॉपवरून त्याला हाक मारा:

```
ping -n 200 192.168.1.37
```

शेवटचा आकडा अर्थातच तुमच्या प्लगचा. उत्तरं येत असतील तर वाय-फाय ठीक आहे, दोष फायबरचा किंवा कंपनीच्या सर्व्हरचा. उत्तरं तुटत असतील तर पुढे वाचा.

इथे एक फसगत होते. विंडोज कधीकधी `Destination host unreachable` असं उत्तर छापतं आणि शेवटच्या हिशेबात त्यालाही ‘मिळालेलं उत्तर’ धरतं. खाली 0% loss दिसतं, प्रत्यक्षात प्लग मेलेला असतो. म्हणून ओळी डोळ्यांनी बघाव्यात, नुसती बेरीज नाही. आणि मिलिसेकंदांकडे फार लक्ष देऊ नका. हे प्लग वीज वाचवायला अधूनमधून डुलक्या काढतात, त्यामुळे शंभर-दोनशे मिलिसेकंद उशिरा आलेलं उत्तर हा आजार नव्हे. किती उत्तरं हरवली, ते महत्त्वाचं. (बॅटरीवरचे दरवाजाचे सेन्सर बहुतेक वेळ गाढ झोपेत असतात. ते उत्तर देणारच नाहीत, त्यांच्यावर ही चाचणी करू नका.)

सिग्नल कमजोर आहे की गर्दी आहे, हे कसं ओळखायचं?

हीच चाचणी दोनदा करा. एकदा दुपारी तीनच्या सुमारास, निम्मी सोसायटी ऑफिसात असताना, आणि एकदा रात्री साडेनऊला, सगळे घरी असताना. दोन्ही वेळा उपकरणाचा RSSI, म्हणजे सिग्नलच्या ताकदीचा आकडा, लिहून ठेवा. बऱ्याच ॲपमध्ये उपकरणाच्या माहितीच्या पानावर तो मिळतो, नाहीतर राउटरच्या यादीत त्या उपकरणासमोर असतो.

दुपारी आणि रात्री दोन्ही वेळा उत्तरं हरवतात आणि RSSI वाईट आहे, तर सिग्नल कमजोर. RSSI चांगला आहे, दुपारी सगळं सुरळीत आणि रात्री मात्र हरवाहरवी, तर गर्दी. एकच उपकरण सुटत असेल तर संशय सिग्नलवर जातो. राउटरशेजारचा बल्बही सुटत असेल तर गर्दीवर.

RSSI किती असला म्हणजे बरा?

तो उणे आकड्यात, डीबीएममध्ये असतो, आणि शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. उणे ५० म्हणजे उत्तम. उणे ६७ पर्यंत निश्चिंत राहा. उणे ७० ते ७५ मध्ये प्लग तग धरतो, पण कुणी बाथरूमचं दार लावलं तरी डळमळतो. उणे ८० च्या पलीकडे तो टिकला तर नशीब. दर तीन डीबीला ताकद निम्मी होते आणि दहा डीबीला एक दशांश, त्यामुळे उणे ७० वरून उणे ८० वर जाणं ही किरकोळ घसरण समजू नका.

विंडोज लॅपटॉप टक्के दाखवतो. साधारण हिशेब असा, की टक्क्यांचं निम्मं करून शंभर वजा करायचे. ५० टक्के म्हणजे उणे ७५.

पण गिझरपाशी उभं राहिलं की मोबाइलवर तीन काड्या दिसतात!

काड्या मोबाइलच्या आहेत, प्लगच्या नाहीत. मोबाइलचा अँटेना मोठा आणि नीट बसवलेला असतो. प्लगचा अँटेना म्हणजे छोट्या बोर्डावर छापलेली नागमोडी तांब्याची रेघ, आणि ती रिले अन् जाड तारांच्या शेजारी कोंबलेली. वर गिझरची धातूची टाकी, मागे टाइल लावलेली भिंत. प्लगला राउटर ऐकू येतो, पण प्लगचं उत्तर राउटरपर्यंत पोचत नाही, असंही खूपदा घडतं. म्हणूनच राउटरची पॉवर वाढवून फारसं साधत नाही. राउटर मोठ्याने बोलू लागला तरी प्लगचा आवाज वाढत नाही.

यातलाच एक प्रकार स्विचबोर्डाच्या आत बसवलेल्या मॉड्यूलचा. जुन्या इमारतींत भिंतीत गाडलेला बॉक्स जीआयचा, म्हणजे पत्र्याचा असतो. मॉड्यूल त्यात खोल ढकललं की पाच बाजूंनी पत्रा आणि फक्त समोरची प्लेट प्लास्टिकची. इलेक्ट्रिशियनला मेन बंद करायला सांगून मॉड्यूल पुढे, प्लेटच्या लगत आणि अँटेनाची बाजू बाहेर करून बसवून घ्या. तेवढ्यानेच बऱ्याचदा काम होतं. रंगकाम निघालंच असेल तर पीव्हीसी बॉक्स टाकून घ्या.

कोणता चॅनल निवडायचा? १, ६, ११ असंच का म्हणतात? मधला ३ किंवा ४ रिकामा दिसतो की.

भारतात २.४ गिगाहर्ट्झमध्ये १ ते १३ चॅनल वापरता येतात. दोन चॅनलमध्ये अंतर ५ मेगाहर्ट्झचं, पण राउटर बोलतो तेव्हा साधारण २० मेगाहर्ट्झ जागा घेतो. त्यामुळे लगतचे चॅनल एकमेकांवर चढतात आणि स्वच्छ वेगळे असे तीनच उरतात: १, ६ आणि ११.

चॅनल ३ ‘रिकामा’ दिसतो, तो तिथे कुणी राउटर ठेवलेला नाही म्हणून. हवेत मात्र १ आणि ६ या दोन्हींचा गोंगाट त्याच्यावर सांडत असतो. एकाच चॅनलवरचे राउटर एकमेकांचं बोलणं ओळखतात, थांबतात आणि आळीपाळीने बोलतात. अर्धवट चढलेल्या चॅनलवरचा राउटर त्यांना शब्दांसारखा ऐकू येत नाही, नुसता आवाज म्हणून येतो. गणपतीत एका मांडवात एकाच माइकवर चारजण पाळीपाळीने बोलले तर सगळं समजतं. शेजारच्या चौकातल्या मंडळाचा स्पीकर तिकडे तोंड करून लावला, की दोन्हीकडचं कुणालाच समजत नाही. ३ वर बसलेला राउटर हा तो शेजारचा स्पीकर.

१२ आणि १३ कायदेशीर आहेत, पण परदेशी बाजारासाठी बनलेली काही उपकरणं ११ च्या पुढे बघतच नाहीत. प्लग जोडलेलाच राहत नाही म्हणून त्रासलेल्या माणसाने प्लगला दिसतच नसलेल्या चॅनलवर राउटर नेऊ नये.

कोण कुठे आहे ते अँड्रॉइडवर वाय-फाय ॲनालायझर प्रकारच्या ॲपने दिसतं. विंडोजवर हे चालवा:

```
netsh wlan show networks mode=bssid
```

नुसती नावं मोजू नका, आवाजही बघा. एखादा शेजारी उणे ८५ वर असेल तर त्याचा त्रास कमी होतो. सात कुजबुजणाऱ्या शेजाऱ्यांचा चॅनल दोन दणदणीत शेजाऱ्यांच्या चॅनलपेक्षा बरा.

एखाद्या घराचं पूर्ण उदाहरण सांगाल का?

कोथरूडमधला दोन बेडरूमचा फ्लॅट धरू. राउटर हॉलमध्ये, टीव्हीखालच्या कपाटात, दार लावून. हॉलमध्ये एक स्मार्ट बल्ब, आतल्या बाथरूममध्ये गिझरचा प्लग. तक्रार अशी: “रात्री सगळंच ऑफलाइन, गिझर तर कधीही.”

दुपारी मोजलं. बल्बचा RSSI उणे ५४, दोनशेपैकी दोन उत्तरं हरवली. प्लगचा उणे ८२, तीस हरवली. रात्री साडेनऊला RSSI दोन्हींचे तेच, पण बल्बची चोवीस उत्तरं हरवली आणि प्लगची साठच्या वर. बल्ब सांगतो की गर्दी आहे. प्लग सांगतो की सिग्नलही कमजोर आहे. एकाच घरात दोन्ही दुखणी.

गर्दीचं आधी पाहिलं, कारण त्याला खर्च नाही. राउटर होता चॅनल ९ वर आणि रुंदी ४० मेगाहर्ट्झ. म्हणजे तो ६ वर पूर्ण चढलेला आणि ११ ला अर्धा अडवून बसलेला. हॉलमध्ये उभं राहून यादी काढली: १ वर सात नावं, सगळ्यात मोठा आवाज उणे ७९. ६ वर तीन नावं, त्यातली दोन उणे साठीच्या अलीकडे. ११ वर पाच, पण समोरच्या फ्लॅटचा राउटर उणे ५०. नावं सर्वात जास्त १ वर असूनही निवडला १, कारण सगळे लांबचे. रुंदी २० मेगाहर्ट्झ केली. टीव्ही, लॅपटॉप आणि मोबाइल ५ गिगाहर्ट्झवर नेले. त्या रात्री बल्बची तीनच उत्तरं हरवली. प्लगची अजूनही अठ्ठावीस. गर्दी हटली, दुपारचंच दुखणं उरलं.

मग राउटर कपाटातून काढून डोक्याच्या उंचीवर, पॅसेजच्या तोंडाशी लावला. प्लग उणे ८२ वरून उणे ७५ वर आला. फुकटात मिळालेले सात डीबी म्हणजे पाचपट ताकद. पण बाथरूमचं दार लावलं की पुन्हा हेलकावे. शेवटी हॉलमधून पॅसेजपर्यंत लॅन केबल ओढून जुना राउटर ॲक्सेस पॉइंट म्हणून, म्हणजे केबलने आलेलं नेट तिथून वाय-फायवर देणारा डबा म्हणून ठेवला. पॅसेजमध्ये उभं राहून यादी पुन्हा काढली, तर समोरच्या फ्लॅटचा तो ११ वरचा आवाज दोन भिंतींमुळे उणे ७६ वर घसरलेला. म्हणून पॅसेजला ११ दिला. प्लग उणे ५८. दोनशे उत्तरांत एक हरवलं, तेही कुठल्या वेळी विचारलं यावर अवलंबून नाही.

चॅनल बघायला जिथे उपकरण आहे तिथेही उभं राहावं, एवढ्यासाठी हे सगळं सविस्तर लिहिलं. एकाच घरात दोन खोल्यांतली हवा वेगळी असते.

जुना राउटर ॲक्सेस पॉइंट कसा करायचा?

मुख्य राउटरच्या लॅन पोर्टमधून जुन्याच्या लॅन पोर्टमध्ये केबल (वॅन पोर्टमध्ये नाही). जुन्याचा पत्ता बदलून 192.168.1.2 सारखा, मुख्य राउटरच्याच मालिकेतला पण वेगळा ठेवा. त्याची डीएचसीपी सेवा बंद करा, नाहीतर दोन राउटर पत्ते वाटत बसतात आणि नवीच ऑफलाइनगिरी सुरू होते. वाय-फायचं नाव, पासवर्ड आणि सुरक्षेचा प्रकार मुख्य राउटरसारखाच ठेवा, चॅनल फक्त वेगळा. प्लगला काही सांगावं लागत नाही. एकदा बंद-चालू केला की तो सहसा जवळचा राउटर धरतो.

केबल ओढणं शक्य नाही. रिपीटर चालेल ना?

दुखणं कमजोर सिग्नलचं असेल आणि हवा मोकळी असेल तर चालेल. साधा रिपीटर ऐकतो त्याच चॅनलवर पुन्हा बोलतो, म्हणजे प्रत्येक गोष्ट हवेत दोनदा जाते. प्लगचा डेटा नगण्य असल्याने त्याला फरक पडत नाही, कॅमेऱ्याला पडतो. आणि तो गिझरशेजारी लावू नका. जिथे प्लगला ऐकू येत नाही तिथे रिपीटरलाही धड ऐकू येणार नाही. त्याची जागा मध्ये कुठेतरी, जिथे राउटरचा सिग्नल उणे ६० ते ६५ मिळतो तिथे.

चॅनल ‘Auto’वर ठेवला आहे. राउटर स्वतःच चांगला निवडत नाही का?

निवडतो, पण पुष्कळ राउटर फक्त सुरू होताना निवडतात. आता पुण्यातला गुरुवार आठवा. देखभालीसाठी लाइट जाते, दुपारी येते, आणि इमारतीतले सगळे राउटर एकाच मिनिटात जागे होतात. प्रत्येकजण कान देतो तेव्हा हवा शांत असते, कारण बाकीचेही अजून उठतच असतात. मग अनेकजण एकाच चॅनलवर जाऊन बसतात आणि पुढचा लाइट जाईपर्यंत तिथेच राहतात. ‘गुरुवारनंतर दोन दिवस कॅमेरा गंडतो’ अशी तक्रार कुणी केली तर हसू नका. मोजून चॅनल पक्का करा आणि दोन-तीन महिन्यांनी पुन्हा बघा.

लाइटचाच दुसरा त्रास: प्लग काही सेकंदांत उठतो, फायबरचा डबा आणि राउटर यांना दोन-तीन मिनिटं लागतात. काही उपकरणं तेवढ्यात प्रयत्न सोडून देतात. राउटर आणि फायबरचा डबा इन्व्हर्टरवर घेतले की हे थांबतं.

गेस्ट नेटवर्क चालू आहे, वापरत कुणी नाही. त्याने काय बिघडतं?

प्रत्येक नाव सेकंदाला सुमारे दहा वेळा ‘मी इथे आहे’ असं पुकारतं, आणि जुन्या उपकरणांना कळावं म्हणून बहुधा सर्वात संथ, १ मेगाबिटच्या वेगाने. अशी एक पुकार दोन-अडीच मिलिसेकंद हवा अडवते. म्हणजे एक नाव जवळपास दोन-अडीच टक्के वेळ खातं, कुणी काही डाउनलोड केलं नाही तरी. एका चॅनलवर अशी पंधरा नावं जवळून ऐकू येत असतील तर तिसरा हिस्सा नुसत्या हजेरीत जातो. तेव्हा न वापरलेलं गेस्ट नेटवर्क बंद करा. राउटरमध्ये 802.11b हा जुना, संथ प्रकार बंद करायची सोय असेल तर तीही करून बघा. एखादं फार जुनं उपकरण हरवलं तर परत चालू करता येतं.

आम्ही पेठेत जुन्या वाड्यात राहतो. आमच्या भिंतींना काही उपाय?

हात-दीड हात जाड भिंतीपुढे राउटर बदलून उपयोग नाही. त्यातल्या त्यात वाड्याचं एक बरं आहे: लाकडी तक्तपोशी सिग्नलला आरसीसी स्लॅबइतकी अडवत नाही. त्यामुळे शेजारच्या खोलीपेक्षा वरच्या मजल्यावर सिग्नल चांगला मिळू शकतो. राउटर दारांच्या रेषेत ठेवा आणि केबलचा विचार करा.

हे सगळं करूनही सुटतंच. आणखी काय असू शकतं?

घड्याळ लावून दर तासाला सुटत असेल तर तो गर्दीचा किंवा सिग्नलचा प्रश्न नाही. बरेच राउटर ३६०० सेकंदांनी ‘Group Key’, म्हणजे जोडलेल्या सगळ्या उपकरणांची सामाईक गुप्त किल्ली, बदलतात आणि काही उपकरणांना ते झेपत नाही. ती मुदत सेटिंगमध्ये वाढवता येते. फक्त स्वयंपाकाच्या वेळी सुटत असेल तर मायक्रोवेव्ह बघा, तोही २.४५ गिगाहर्ट्झच्याच आसपास चालतो. राउटरला चिकटून यूएसबी ३ ची हार्डडिस्क असेल तर लांब ठेवा. आणि नवं उपकरण मुळात जोडलंच जात नसेल तर सुरक्षेचा प्रकार WPA2 करून पाहा, जुन्या चिपना WPA3 समजत नाही.

सोसायटीत सगळ्यांनी मिळून चॅनल वाटून घेतले तर?

सगळ्या इमारतीचं एकमत व्हायची वाट पाहू नका, वरचे आणि खालचे शेजारी पुरेत. बिल्डरने फायबरचा पॉइंट प्रत्येक फ्लॅटमध्ये एकाच जागी दिलेला असतो, त्यामुळे राउटर एकाच्या डोक्यावर एक असे रचलेले असतात, मध्ये फक्त स्लॅब. पहिल्या मजल्याला १, दुसऱ्याला ६, तिसऱ्याला ११ आणि चौथ्याला पुन्हा १, सगळ्यांची रुंदी २० मेगाहर्ट्झ. पहिल्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये तीन स्लॅब येतात. समोरासमोरच्या फ्लॅटमध्ये मात्र क्रम एकाने सरकवून घ्या, म्हणजे एकाच मजल्यावर दोन सारखे चॅनल येणार नाहीत.